गोधडीचं चरित्र

प्रदर्शनवाल्यांनी फर्मान काढलं होतं, प्रत्येक वस्तूवर ‘स्टोरी’ हवी. सासूबाईंच्या गोधडीसाठी मी चार ओळी दिल्या होत्या. प्रदर्शनवाल्यांनी त्या ‘फुलवून’ दिल्या. कार्डावर आजी आली, चांदणं आलं, मायेची ऊब तर तीनदा आली. माप मात्र गेलं.

मग स्टॉलवर एक काका आले. चष्मा कपाळावर ढकलून त्यांनी कार्ड नाकाशी धरलं आणि मोठ्यानं वाचायला घेतलं. ‘चांदण्या रात्री...’ शेजारच्या लोणचेवाल्या बाई गिऱ्हाईक सोडून ऐकू लागल्या. दुसऱ्या उबेला काकांचा आवाज कापरा झाला. संपल्यावर रुमाल काढला, नाक पुसलं आणि विचारलं, “ताई, डबल बेडला पुरेल का हो?”

“पाच बाय सात फूट आहे, काका. डबल बेडवर अंथरता येईल, पण बाजूंनी लोंबणार नाही.”

“हे इथे लिहिलेलं नाही.”

“नाही.”

“मशीनला चालते?”

“नाही.”

“तेही लिहिलेलं नाही!” आणि माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं, जणू चांदणं मीच पाडलं होतं.

माझ्या मूळ ओळी अशा होत्या: ‘पाच बाय सात फूट, चार थर, हातानं धावदोरा. आतली लुगडी सासूबाईंनी वर्षानुवर्षं नेसलेली, म्हणून इतकी मऊ. आणि झिजलेली, म्हणून मशीनमध्ये घालू नका. लाल किनार नवी आहे, रंग सोडेल. पहिल्यांदा गार पाण्यात वेगळी धुवा, न पिळता सावलीत वाळवा.’ यात गोष्ट नाही? लुगडं कोणी नेसलं हे कळतं, आणि त्यातूनच धुवायचं कसं तेही कळतं. ओली गोधडी जड होते, मशीनच्या गरगरीत जुनं कापड टाक्यापाशी फाटतं. मग तेच गिऱ्हाईक ‘हातानं शिवलेला माल टिकत नाही’ म्हणत गावभर फिरतं. पण प्रदर्शनवाल्या बाई म्हणाल्या, “यात इमोशन नाही.” स्टॉलचं भाडं आगाऊ घेताना त्यांच्यात तरी कुठे होतं!

बरं, ऊब मोजायची कशात? गिऱ्हाईक घरी पलंग मोजून येतं फुटात. सासूबाईंनी तर कार्ड ऐकून विचारलं, “ही आजी कोण?” त्या गोधड्या शिवतात भरदुपारी, टीव्हीसमोर. चांदण्यात सुईत दोरा ओवून दाखवा म्हणावं.

काकांनी गोधडी उलटी करून टाके बघितले, वास घेतला, हजार रुपये कमी होतील का विचारलं. नाही म्हटल्यावर दोरा सोडवून कार्डच खिशात घातलं.

“अहो काका, ते—”

“हिला वाचून दाखवतो. फार सुंदर लिहिता हो तुम्ही!”

आणि त्यांच्या मागच्या बाईंनी बिनकार्डाची गोधडी उचलून विचारलं, “माप काय हिचं?”