आधी खोली की आधी कागद?

"लांबून दमून आलेल्या गिऱ्हाईकाला आधी पाणी विचारायचं का आधी आधार कार्ड मागायचं? तिकडं जर्मनीत कसं करतात?" साताऱ्यात हायवेलगत हॉटेल चालवणाऱ्या माझ्या मावसभावाने घरच्या ग्रुपवर विचारलं.

काकांनी लगेच लिहिलं, "जर्मनीत कागदच नाही. किल्ली घ्यायची आणि जायचं." हे अर्धंच खरं आहे. १ जानेवारी २०२५ पासून तिथे हॉटेलातला नोंदणीचा फॉर्म बंद झाला, पण तो फक्त जर्मन नागरिकांसाठी. माझ्याकडे भारतीय पासपोर्ट असल्याने म्युनिकहून कुठेही गेले तरी मला अजून तो भरावा लागतो, सही करावी लागते आणि पासपोर्ट दाखवावा लागतो. नवरा जर्मन, तो बॅगा घेऊन पुढे जातो. म्हणजे कागदाची कटकट दोन्हीकडे आहे. फरक पडतो तो गिऱ्हाईक काउंटरवर किती वेळ उभं राहतं यात, आणि ते बरंचसं रिसेप्शनवरच्या माणसाच्या हातात असतं.

आमचंच घ्या. मुंबईला रात्री उतरून, खंबाटकी ओलांडून आम्ही पहाटे साताऱ्यात पोचलो. नवऱ्याकडे ई-व्हिसा, लेक माझ्या खांद्यावर झोपलेली, तिचाही पासपोर्ट जर्मन. ज्या हॉटेलात गेलो तिथल्या मुलाने हसून नमस्कार केला, पाणी दिलं, आणि मग काउंटरवरच परदेशी पाहुण्यांचा सी फॉर्म भरायला घेतला. पासपोर्ट नंबर, व्हिसा नंबर, भारतात कधी आलात, कुठून आलात, पुढे कुठे जाणार, तिथला पत्ता, फोटो. एकाचं संपल्यावर लेकीचं सगळं पहिल्यापासून. नेट मधेच गेलं. मुलगा मनाने चांगला होता, पण सगळं संपेपर्यंत आम्ही उभेच होतो.

ही माहिती २४ तासांच्या आत ऑनलाइन पाठवायची असते. तेवढी मुदत असताना पाहुण्याला समोर उभं करून ती भरायचं काहीच कारण नाही. भावाकडे रात्रपाळीला बरीच वर्षं एक गृहस्थ आहेत, त्यांना हे पक्कं ठाऊक आहे. मी विचारल्यावर ते म्हणाले, "ताई, फॉर्म मागनं भरता येतो. पण फोटोचं पान, व्हिसा आन् मुंबईचा शिक्का, ह्या तीन झेरॉक्स घेतल्याबिगर किल्ली द्यायची नाही. शिक्का कुठल्याबी पानावर असतो, तो राहिला की सकाळी दाजी उठायची वाट बघत बसायचं." पुढचा मुक्काम आणि फोन नंबर ते झेरॉक्स काढता काढताच विचारून घेतात आणि पासपोर्ट लगेच परत देतात. रजिस्टरमध्ये नाव-पत्ता तेच लिहितात, पाहुण्याची फक्त सही. मला विचाराल तर आदरातिथ्य म्हणजे हे. "प्रवास कसा झाला?" हा प्रश्नही ते मान खाली घालून, हात चालू ठेवून विचारतात, आणि उत्तर लांबलं तर लांबू देतात.

भारतीय पाहुण्यांचं काम त्याहून सोपं. तरी तिथेही घोटाळा होतो, कारण ओळखपत्र सोबतच्या प्रत्येक मोठ्या माणसाचं लागतं आणि लोक एकाचंच हातात घेऊन येतात. काहीजण पॅन कार्ड पुढे करतात, त्यावर पत्ता नसल्याने ते बहुतेक ठिकाणी चालत नाही. बुकिंगच्या फोनवरच "सगळ्यांची आधार किंवा लायसन्स जवळ ठेवा" एवढं सांगितलं, तर रात्री डिकी उघडून बॅगा उपसाव्या लागत नाहीत. भाऊ आता हे सांगतो.

आत्याने मधेच आपलं गाऱ्हाणं मांडलं. सांगलीत एका लॉजवर तिने आधारची झेरॉक्स दिली, ती पुढे कुठे जाते, कोण बघतं, याची तिला आजही धास्ती आहे. भावाचा प्रश्न तो नव्हता, पण तिची धास्ती रास्त आहे. पहिले आठ आकडे झाकलेलं आधार मिळतं, ते हॉटेलने घ्यावं असं माझं मत. भाऊ म्हणतो, पोलीस तपासणीला आले आणि पूर्ण नंबर मागितला तर मी काय दाखवू? यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही.

राहिला पहाटे येणाऱ्यांचा प्रश्न. लहान लॉजवर २४ तासांचा हिशेब असतो, आलात तेव्हापासून दिवस सुरू. भावाकडे मात्र चेक-इन दुपारी बाराला, त्यामुळे सहाला आलेल्याला खोली नसते. अशा वेळी मुलं "होईल, बसा जरा" म्हणतात आणि माणूस सोफ्यावर ताटकळतो. त्यापेक्षा "खोली साडेनऊला मिळेल, बॅगा इथे ठेवा, तोंड धुवायला बाथरूम या बाजूला" असं वेळेसकट सांगावं. साडेनऊ जमणार नसेल तर अकरा सांगावं, पण सांगितलेली वेळ पाळावी. कागदाचं काम त्या मोकळ्या वेळात बसल्या जागी उरकतं, आणि खोली झाली की किल्ली तेवढी हातात द्यायची राहते.