‘ते’च्या पुढची तारीख

शाळेत पाठ केलेला रजेचा अर्ज पोरांच्या बोटांत असा मुरलेला असतो की विद्यापीठाच्या संघात निवड झाली तरी कागदावर तोच उतरतो. फक्त तापाच्या जागी खेळ येतो. “मला खो-खो असल्यामुळे मी वर्गात हजर राहू शकत नाही, तरी कृपया सुट्टी मंजूर करावी.” खो-खो असल्यामुळे! वाचणाऱ्याला वाटावं, गावात साथ आली आहे आणि पोराला गोळ्या चालू आहेत.

कॉलेजच्या आवक-जावक टेबलाशी बसणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला त्या भाषेचं काही वाटत नाही. ‘अनूपस्थीत’ हा शब्द मी सहा तऱ्हांनी लिहिलेला पाहिला आहे, सहाही मंजूर झाल्या. अर्ज अडतो तो दोनच ठिकाणी: काय मागितलं आहे आणि ‘ते’च्या पुढे कोणती तारीख घातली आहे.

आधी मागण्याचं बघू. सुट्टी मागितली की सुट्टी मिळते. म्हणजे प्राचार्य ‘मंजूर’ लिहितात, सही करतात, आणि मस्टरवर त्या दिवशी गैरहजेरीच लागते, कारण पोरगा सुट्टीवर असतो. सुट्टीवरचा माणूस हजर कसा असेल? मार्च-एप्रिलात ७५ टक्क्यांहून कमी हजेरीवाल्यांची यादी नोटीस बोर्डावर लागते तेव्हा हा मंजूर अर्ज घेऊन पोरगा टेबलापाशी येतो. “भाऊ, मंजूर होता ना!” होता ना. सुट्टी मंजूर होती. हजेरी तू मागितलीच कुठे होतीस?

म्हणून शब्द असा हवा: “सदर कालावधीतील माझी अनुपस्थिती ही महाविद्यालयीन कामकाजासाठीची समजून उपस्थिती ग्राह्य धरावी.” वाक्य बोजड आहे, कबूल. पण या एका वाक्याची किंमत पुढे आकड्यांत येते.

आता तारखा. समजा अंमळनेरकडचा एक खो-खोपटू आहे, एस. वाय. बी. एस्सी.ला. आंतरमहाविद्यालयीन झालं, विभागाची स्पर्धा झाली, निवड चाचणी झाली, आणि जळगावच्या आपल्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या संघात त्याचं नाव आलं. पश्चिम विभागाची आंतरविद्यापीठ स्पर्धा समजा गुजरातेत आणंदला, १४ ते १८ जानेवारी. यादी आली रात्री साडेदहाला, व्हॉट्सअ‍ॅपवर, मोबाइलनं काढलेल्या तिरप्या फोटोत, ज्यात टेबलावरचा चहाचा कपही निवडला गेल्यासारखा मधोमध बसलेला आहे. पोरगा खूश. सकाळी अर्ज तयार: “दि. १४ ते १८ जानेवारी.”

पाच दिवस. आणि इथेच त्याची गाडी चुकली.

स्पर्धेच्या आधी विद्यापीठाचं प्रशिक्षण शिबिर असतं. आपल्या उदाहरणात ते ३ ते ११ जानेवारी, म्हणजे नऊ दिवस. १२ला निघायचं, सुरतच्या गाडीनं. १३ला तिथे पोचून संघाची नोंद करायची. पात्रता अर्ज, बारावीची गुणपत्रिका, ओळखपत्र हे सगळं तिथे तपासलं जातं आणि त्या दिवशी हजर नसलेला खेळाडू नुसत्या बॅगेसकट प्रेक्षकांत बसतो. मग १४ ते १८ स्पर्धा आणि १९ परतीचा प्रवास. ३ ते १९ मोजा, सतरा दिवस भरतात. अर्जात पाच. मधले बारा दिवस हा पोरगा विद्यापीठाचा टी-शर्ट घालून, विद्यापीठाच्या खर्चानं, विद्यापीठाच्या मैदानावर घाम गाळत होता आणि कॉलेजच्या लेखी तो बेपत्ता होता.

चूक पोराचीही म्हणता येत नाही. निवडीच्या पत्रात ठळक अक्षरात असते ती स्पर्धेची तारीख. शिबिराची तारीख खालच्या परिच्छेदात असते, नाहीतर वेगळ्याच पत्रात. प्रवासाचा दिवस कुठल्याच पत्रात नसतो, तो तिकिटावर असतो. म्हणून अर्ज लिहिताना तीन कागद समोर हवेत: निवडीचं पत्र, शिबिराचं पत्र, तिकीट. तारीख घ्यायची ती सगळ्यात आधीची आणि सगळ्यात शेवटची.

याचा हजेरीवर काय परिणाम होतो ते एका विषयावर बघू. आठवड्याला तीन तासिका, सत्रात एकूण ४५. पंचाहत्तर टक्के म्हणजे ३३.७५, पाऊण तासिका कुणी बसू देत नाही म्हणून ३४. सतरा दिवसांत साधारण सात तासिका जातात. बाकी सत्रभरात पोराच्या नऊ हुकलेल्या आहेत असं धरू. हिवाळ्याचे दिवस, खान्देश, आठवड्याआड कुणाच्या तरी मळ्यात वांगी भाजायला टाकलेली. शिवाय मावसभावाची हळद, मावसभावाचं लग्न आणि मावसभावाचा दमणूक-दिवस. नऊ म्हणजे संयमच म्हणायचा. तर नऊ अधिक सात, सोळा गेल्या, २९ उरल्या: ६४.४ टक्के. पाचच दिवस मंजूर असतील तर त्यातल्या दोन तासिका परत मिळतात, ३१ होतात, ६८.९ टक्के, म्हणजे अजून यादीतच. सतराच्या सतरा दिवस ग्राह्य धरले तर सातही परत येतात, ३६ होतात आणि बरोबर ८० टक्के. भरीत पचलं, हळद पचली, आणंदही पचलं. फरक एवढाच की ‘१४’च्या जागी ‘३’ आणि ‘१८’च्या जागी ‘१९’ लिहिलं.

पण ‘ते’च्या पुढची ही १९ तारीख खरी कुणाला माहीत आहे? ही विभागीय स्पर्धा सुरुवातीला बाद पद्धतीनं चालते. १४ला सकाळी पहिलाच सामना गमावला की संघ मोकळा. मग १५लाच गाडी. जिंकत गेला तर शेवटच्या चारांत साखळी सामने, तेव्हा १८पर्यंत मुक्काम. आणि पहिल्या चारांत आला की अखिल भारतीय स्पर्धेचं दार उघडतं, ती कुठल्या तारखेला हे वेगळंच. म्हणजे पोरानं अर्जात परतीची तारीख लिहायची ती आपल्या पराभवाची तारीख आधीच ठरवून. १५ लिहावी तर प्रशिक्षक विचारतात, “हरायलाच चालला का भो?” १९ लिहावी तर वर्गशिक्षक म्हणतात, “फायनलचा विश्वास दिसतो!”

लिहायची १९च. पण त्यापुढे एक ओळ जोडायची: निकालानुसार परतीची तारीख बदलल्यास संघ व्यवस्थापकांच्या पत्रासह कळवीन. ही ओळ नसली तर काय होतं? संघ १४ला हरतो, १५ला निघतो, पोरगा १६पासून घरी. अर्जात १९पर्यंत मंजुरी आहे, मग घाई कशाला, म्हणून तो तिळगूळ संपवत बसतो. पुढे व्यवस्थापकांचं पत्र येतं, त्यात लिहिलेलं असतं ‘१५ जानेवारीपर्यंत संघासोबत हजर’. दोन कागद एकमेकांशी भांडू लागले की कार्यालय मधे पडत नाही, दोन्ही बाजूला ठेवतं. मग खऱ्या तेरा दिवसांवरही शंका येते.

एकूण अर्ज असा दिसायला हवा:

“प्रति, मा. प्राचार्य. मार्फत, शारीरिक शिक्षण संचालक.
विषय: आंतरविद्यापीठ खो-खो स्पर्धेतील सहभागाच्या कालावधीत उपस्थिती ग्राह्य धरणेबाबत.
संदर्भ: विद्यापीठाचे निवडपत्र, जा. क्र. व दिनांक.
महोदय, वरील संदर्भानुसार माझी विद्यापीठ संघात निवड झाली आहे. प्रशिक्षण शिबिर दि. ३ ते ११ जानेवारी, प्रवास व नोंदणी दि. १२ व १३, स्पर्धा दि. १४ ते १८, परतीचा प्रवास दि. १९. सदर १७ दिवसांची उपस्थिती ग्राह्य धरावी. निकालानुसार परतीची तारीख बदलल्यास संघ व्यवस्थापकांच्या पत्रासह कळवीन.
सोबत: निवडपत्र व शिबिराच्या पत्राची प्रत, तिकिटाची प्रत.”

खाली नाव, वर्ग, हजेरी क्रमांक, पीआरएन, मोबाइल. बस. “मी लहानपणापासून खेळाची आवड असलेला” वगैरे नको, तो मजकूर सत्कारासाठी राखून ठेवा. जावक क्रमांक मात्र विसरायचा नाही. तिरप्या फोटोत तो बहुतेक चहाच्या कपाखाली असतो, तेव्हा क्रीडा विभागातून नीट प्रत मागून घ्यायची.

मग सह्या. खो-खोत पाठलाग करणाऱ्यानं एकदा दिशा धरली की खांब गाठेपर्यंत त्याला मागे फिरता येत नाही. अर्जाला हा नियम लागू नाही. वर्गशिक्षक म्हणतात, आधी विभागप्रमुखांची आण. विभागप्रमुख म्हणतात, आधी वर्गशिक्षकांची. प्राचार्य म्हणतात, क्रीडावाल्यांची शिफारस कुठे आहे? आणि क्रीडावाले मैदानावर असतात, शिक्का कपाटात असतो, किल्ली शिपायाकडे असते आणि शिपाई बँकेत गेलेला असतो. यावर उपाय एकच, सुरुवात क्रीडा संचालकांपासून करायची. मूळ पत्र त्यांच्याकडे आलेलं असतं, त्यांच्या शिफारशीची ओळ पडली की पुढच्यांना ‘हा खरंच जातोय का’ हे विचारायचं कारण उरत नाही. प्राचार्य जळगावला मीटिंगला असले तर उपप्राचार्यांची सही चालते का ते आधीच विचारून ठेवावं. ते नेहमी ३ तारखेच्या आदल्याच दिवशी मीटिंगला असतात.

अर्जाच्या प्रती दोन. एक कार्यालयात, दुसरीवर आवकचा शिक्का, क्रमांक, तारीख घेऊन ती आपल्याजवळ. या दुसऱ्या प्रतीचा पोरांना फार कंटाळा. “भाऊ, तुमच्यावर विश्वास शे ना!” आहे, माझ्यावर ठेव. पण माझ्या कपाटावर ठेवू नकोस, त्यात गेल्या तीन वर्षांचे अर्ज एकमेकांना मिठी मारून झोपले आहेत.

प्रात्यक्षिकांचं मात्र या अर्जानं भागत नाही. हजेरी ग्राह्य धरता येते, रसायनशास्त्राचं टायट्रेशन ग्राह्य धरता येत नाही, ते करावंच लागतं, नाहीतर जर्नलवर सही होत नाही. त्यासाठी निघण्याआधी विभागप्रमुखांकडे वेगळी चिठ्ठी: हुकणारी प्रात्यक्षिकं कोणती आणि ती दुसऱ्या बॅचबरोबर कधी करू देणार. अंतर्गत चाचणी त्याच दिवसांत असेल तर तेही त्याच चिठ्ठीत, तारखेसह. आल्यावर सांगितलं तर उत्तर ठरलेलं असतं: “आधी का नाही सांगितलं?”

परत आल्यावर पोरं प्रमाणपत्राची वाट बघत बसतात. ते येतं सावकाश, कधी निकालानंतर. तोवर कामाला येतं व्यवस्थापकांचं साधं पत्र, ‘अमुक ते अमुक तारखेपर्यंत संघासोबत होता’, सही-शिक्क्यासह. ते घ्यायचं गाडीतच. व्यवस्थापक दुसऱ्याच कॉलेजचे असतात, एकदा भुसावळच्या फलाटावर उतरून पांगले की त्यांना गाठायला शहादा नाहीतर शिरपूर. सुरतहून गाडी सुटली की कोरे कागद बाहेर काढावेत. हरलेला संघ असेल तर नंदुरबार येईपर्यंत कुणी बोलत नाही, म्हणून सही त्याआधी मागू नये. नंदुरबारला चहा येतो. मग मागावी.