आधी फिक्स्ड किती ते सांगा!

नोकरीसाठी एचआरचा फोन उचलला की पहिला प्रश्न, "एक्स्पेक्टेड पगार किती?" अहो मॅडम, आकडा सांगतो, पण त्यात फिक्स्ड किती आणि व्हेरिएबल किती? "ते ऑफर लेटरमध्ये येईल. तुम्ही अठरा लाखांना ओके आहात ना?" कशाला ओके म्हणू?

अठरातले २० टक्के व्हेरिएबल निघाले, तर ३ लाख ६० हजार तिथेच अधांतरी. उरले १४ लाख ४० हजार, म्हणजे महिन्याला १ लाख २० हजार. त्यातही कंपनीच्या वाट्याचा पीएफ आणि ग्रॅच्युइटी घुसवलेली. बेसिक साठ हजार धरलं तर आणखी दहा हजार गेले. माझा पीएफ आणि टॅक्स अजून कापायचाच आहे!

आणि व्हेरिएबल मिळणार कधी? वर्षातून एकदा, कंपनीच्या आणि माझ्या कामगिरीचे दोन्ही स्कोअर चांगले आले तर. शिवाय पैसे वाटायच्या दिवशी मी नोकरीत हवा, राजीनामा दिलेला नको. गेल्या वर्षी लोकांना प्रत्यक्षात किती टक्के मिळालं, हे विचारलं की मॅडमच्या फोनची रेंज जाते. नेमकी तेव्हाच!

वर ऐकवतात, "तुम्ही फारच पैशांचं बघता." मग काय, कँटीनचा मेनू बघू?