मूल रात्री किंचाळलं की आधी घड्याळ बघा

गेल्या पावसाळ्यात आमच्या भांडुपच्या बिल्डिंगमध्ये रात्री सव्वाबाराच्या सुमारास जी किंकाळी ऐकू यायची, ती आमच्या घरातली. शेजारच्या काकू दोनदा बेल वाजवून विचारून गेल्या. त्यांच्या चेहऱ्यावर "मारता की काय पोरीला?" हा प्रश्न स्पष्ट होता आणि मला त्यांचा रागही आला नाही. आवाजच तसा होता.

लेक पावणेतीन वर्षांची. झोपून दीड तास होतो न होतो तोच ताडकन उठून बसायची. डोळे टक्क उघडे, केस घामाने चिंब, छाती धडधडतेय आणि "नको, नको" असा टाहो. मी जवळ घ्यायला गेले की मलाच लाथा. "आई, आई" करून ओरडायची आणि आई समोर बसलेली असताना तिच्या आरपार बघायची. ज्या आईबापांनी हे पाहिलंय त्यांना कळेल, पोटात कसा गोळा येतो ते. दहा मिनिटांनी आपोआप शांत, कुशीवर वळून गाढ झोप. सकाळी उठून पोहे मागणार, रात्रीचा मागमूस नाही.

पहिले आठ-दहा दिवस आम्ही सगळं चुकीचं केलं. दिवे लावले, तोंडावर पाणी मारलं, गदागदा हलवलं, नवऱ्याने कडेवर घेऊन गॅलरीत फेऱ्या मारल्या. रडणं वाढायचं, दहाची वीस मिनिटं व्हायची. सासूबाईंनी मीठमोहरी-मिरच्यांनी दृष्ट काढली आणि पोर गप्प झाली. "बघ!" म्हणाल्या. आता कळतं की हा प्रकार आपला आपणच ओसरतो, त्यामुळे शेवटी जे केलं असेल त्याला श्रेय मिळतं. त्या दिवशी मी बडबडगीत म्हटलं असतं तर बडबडगीत गुणकारी ठरलं असतं.

डॉक्टरांकडे गेलो. मला वाटलं तपासण्या लिहून देतील. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "झोपल्यापासून किती वेळाने?" आणि दुसरा, "सकाळी तिला आठवतं का?" या दोन उत्तरांवर निम्मं निदान झालं. हा नाइट टेरर. वाईट स्वप्न नव्हे.

फरक असा. झोप लागल्यावर पहिल्या काही तासांत मुलं सगळ्यात गाढ झोपेत असतात, ज्यात ढोल वाजले तरी हलत नाहीत. या गाढ झोपेतून हलक्या झोपेत येताना कधी कधी मेंदू अर्धाच जागा होतो. ओरडणारा, धडधडणारा, पळायला बघणारा भाग जागा आणि ओळखणारा, आठवणारा भाग झोपेतच. म्हणून डोळे उघडे असूनही मूल आपल्याला ओळखत नाही. त्याला जागं करायला जाणं म्हणजे त्या अर्धवट अवस्थेत आणखी गोंधळ घालणं. वाईट स्वप्नं मात्र स्वप्नांच्या झोपेत पडतात आणि ती झोप पहाटेकडे जास्त असते. त्यातून मूल खरोखर जागं होतं, आपल्याला बिलगतं, बोलता येत असेल तर काय दिसलं ते सांगतं आणि परत झोपायला घाबरतं.

मग करायचं काय? टेररमध्ये जवळजवळ काहीच नाही, आणि तेच सगळ्यात अवघड आहे. मंद दिवा, आपण शेजारी बसलेले, पलंगावरून पडणार नाही किंवा भिंतीवर डोकं आपटणार नाही एवढं बघायचं. जवळ येत असेल तर घ्यायचं, ढकलत असेल तर धरून ठेवायचं नाही. प्रश्न विचारायचे नाहीत. आणि सकाळी "काल रात्री काय झालं होतं गं तुला?" हेही विचारायचं नाही. तिला ठाऊकच नाही. आपण विचारून तिला झोपेचीच भीती घालतो. हे आमच्या घरात पाळणं कठीण गेलं, कारण सकाळी दूधवाल्यापर्यंत सगळ्यांना हकिगत सांगून झालेली असायची.

डॉक्टरांनी पंधरा दिवस वही ठेवायला सांगितली: दुपारी किती झोपली, रात्री कधी झोपली, किती वाजता उठली. वही बघून मलाच लाज वाटली. जूनमध्ये प्लेग्रुप सुरू झाला आणि दुपारची झोप सुटली. रात्री मात्र पूर्वीसारखेच पावणेअकरा, कारण बाबा फोर्टातल्या ऑफिसातून साडेनऊला येणार आणि बापलेकीची दंगामस्ती झाल्याशिवाय झोपायचं नाही. सकाळी साडेसातला उठवायचं. म्हणजे चोवीस तासांत पावणेनऊ तास. एक-दोन वर्षांच्या मुलांना दुपारची धरून अकरा ते चौदा तास लागतात, तीन ते पाचच्या मुलांना दहा ते तेरा. झोप साचली की गाढ झोप आणखी गाढ होते आणि त्यातून असं अर्धवट बाहेर येणं वाढतं. ताप, प्रवास, परकं घर यांनीही होतं, पण आमच्याकडे कारण वहीत लिहिलेलं होतं.

माझं मत कडू लागेल. मुंबईत निम्मी घरं लहान मुलांना लोकलच्या वेळेवर झोपवतात. बाबांना भेटायचंय म्हणून जागं ठेवणं हा मुलापेक्षा मोठ्यांचा हट्ट जास्त असतो. आमच्याकडे यावरून भांडण झालं, "मग मी तिला बघायचं कधी?" इथपर्यंत. तोडगा असा निघाला: तिला साडेआठला झोपवायचं, आणि सकाळी सात ते आठ बाबांचे. दात घासण्यापासून प्लेग्रुपच्या गेटपर्यंत. आठवड्यातून चारदा होणारं ओरडणं तिसऱ्या आठवड्यात एकदावर आलं.

तेवढ्याने भागलं नसतं तर डॉक्टरांनी दुसरा उपाय सांगून ठेवला होता. ओरडण्याची वेळ ठरलेली असेल तर त्याच्या पंधरा ते तीस मिनिटं आधी मुलाला हलकेच हलवायचं, ते पुटपुटेल किंवा कूस बदलेल इतकंच, आणि परत झोपू द्यायचं. हे रोज, दोन ते चार आठवडे. वेळ रोज बदलत असेल तर याचा उपयोग नाही.

आणखी एक विचारलं त्यांनी: घोरते का? श्वास अडकल्यासारखा होतो का? टॉन्सिल किंवा ॲडेनॉइड वाढल्याने झोप सारखी मोडत असेल तरी हे होतं आणि मग इलाज त्याचा करायचा. आणि झटका एक-दोन मिनिटांचाच, दर वेळी हुबेहूब तसाच, एका रात्रीत अनेकदा, हातपाय ताठ होऊन किंवा झटके देत येत असेल, तर ती फिट असू शकते. मोबाइलवर व्हिडिओ काढा आणि डॉक्टरांना दाखवा. तोंडी वर्णनात हा फरक हमखास हरवतो.

ऑगस्टमध्ये एकदा पहाटे पाचला रडली. मी सवयीने गप्प बसून राहिले, तर ती माझ्या गळ्यातच पडली. "सोफ्याखाली भूभू आहे, तो चावतो." हे स्वप्न. इथे गप्प बसणं चूक. पोटाशी धरलं, सगळं ऐकून घेतलं, झोप लागेपर्यंत तिथेच थांबले. टॉर्च घेऊन सोफ्याखाली शोधाशोध मुद्दाम केली नाही. शोधलं म्हणजे तिथे काहीतरी असू शकतं हे आपणच कबूल करतो. दुपारी तिने भूभूचं चित्र काढलं आणि त्याला पोळी दिली. "झोप, नाहीतर बुवा येईल" हे वाक्य त्या दिवसापासून घरात बंद.

अनंत चतुर्दशीला विसर्जन बघून अकराला परतलो, दुपारची झोपही नव्हती. साडेबाराला ती उठून बसलीच. सासूबाई मिठाची बरणी घेऊन दारात आल्या, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि बरणी टीपॉयवर ठेवून पलंगाच्या कडेला बसल्या. "आत्ताशी साडेबारा आहेत," मला म्हणाल्या, "हात लावू नकोस तिला."