हृदय उसंतीत जेवतं

«नाडी वाढली म्हणून घाबरू नका! हृदय जितकं जोरात पळतं तितकं जास्त रक्त स्वतःलाही मिळवतं. हृदयाच्या रक्तवाहिन्या आपला प्रवाह आपोआप सांभाळतात, त्यामुळे बीपी नॉर्मल असेल तर नाडी किती आहे यानं काही फरक पडत नाही. व्यायामात ती 150 वर जाते, तेव्हा कोणाला काय होतं? ठोके कमी करणाऱ्या गोळ्या उलट हृदयाचा ऑक्सिजन तोडतात.»

या निरोपाची गंमत अशी की यातली बहुतेक वाक्यं कोणाच्या तरी बाबतीत खरी आहेत: ज्याच्या रक्तवाहिन्या स्वच्छ आहेत त्याच्या बाबतीत. पण ठोके कमी करणाऱ्या गोळ्या ज्याच्या हातात असतात तो बहुधा वेगळा माणूस असतो, आणि निरोप नेमका त्याच्याच फोनवर येऊन पडतो.

सुरुवात पळण्यापासून करू. हृदय शरीराला रक्त देतं ते आकुंचनाच्या वेळी, पण स्वतः पितं ते मुख्यतः प्रसरणाच्या वेळी. डाव्या जवनिकेची जाड भिंत आवळली जाते तेव्हा तिच्यातून जाणाऱ्या बारीक वाहिन्याही पिळल्या जातात. बाहेरच्या थराला त्या वेळी थोडंफार रक्त मिळतं. आतल्या थराला, म्हणजे पोकळीला चिकटून असलेल्या भागाला, जवळजवळ काहीच मिळत नाही, कारण तिथे पोकळीतला दाब महाधमनीच्या दाबाइतकाच असतो. त्याचं सगळं जेवण दोन ठोक्यांमधल्या उसंतीत उरकायचं असतं.

ठोके वाढले की ही उसंतच आधी जाते. मिनिटाला 60 ठोके असताना एक फेरी एका सेकंदाची होते. त्यात आकुंचनाला साधारण 0.35 सेकंद लागतात आणि प्रसरणाला 0.65 उरतात. ठोके 120 झाले की फेरी अर्ध्या सेकंदाची होते. आकुंचन काही त्याच प्रमाणात आखडत नाही, ते सुमारे 0.25 वर थांबतं, म्हणजे प्रसरणालाही 0.25 च उरतात. आता मिनिटाचा हिशेब करा. पहिल्या माणसाला जेवायला 39 सेकंद मिळाले, दुसऱ्याला 30. ठोके दुप्पट झाले आणि जेवणाची वेळ जवळजवळ पाव हिश्श्यानं घटली.

त्याच वेळी भूक वाढते. प्रत्येक ठोक्याला ताण निर्माण करायचा, कॅल्शियम आत-बाहेर करायचं, या सगळ्याला ऑक्सिजन लागतो. शिवाय वेग वाढला की स्नायूचा जोरही थोडा वाढतो; बोडिचनं बेडकाच्या हृदयात हे 1871 मध्येच दाखवलं होतं. ठोके दुप्पट झाले तर कोरोनरी प्रवाह, म्हणजे हृदयाच्या स्वतःच्या रक्तवाहिन्यांतला प्रवाह, निदान दीडपट व्हावा लागतो, असं ढोबळमानानं धरतात. इतर अवयव अशा वेळी आलेल्या रक्तातून जास्त ऑक्सिजन उपसून वेळ मारून नेतात, कारण विश्रांतीत एकूण शरीर त्यातला जेमतेम पाव हिस्साच घेत असतं. हृदयाच्या स्नायूला ती सोय नाही. तो शांत बसलेला असतानाही 70 ते 75 टक्के ऑक्सिजन काढून घेतो. गल्ल्यात फारसं काही उरलेलंच नसतं, त्यामुळे जास्त ऑक्सिजन हवा म्हणजे जास्त रक्तच हवं.

दोन्ही हिशेब एकत्र मांडा. दीडपट रक्त हवं आणि ते 39 ऐवजी 30 सेकंदांत हवं. म्हणजे उसंतीच्या प्रत्येक सेकंदाला जवळपास दुप्पट रक्त आलं पाहिजे. निरोगी हृदयाला हे सहज जमतं, कारण त्याच्या वाहिन्या पूर्ण उघडल्या तर प्रवाह विश्रांतीच्या चार-पाच पट होऊ शकतो. या शिल्लक ताकदीला कोरोनरी राखीव क्षमता म्हणतात. व्यायामाच्या मुद्द्याचं उत्तरही तेच: धावणाऱ्या माणसाला काही होत नाही ते त्याची राखीव भरलेली असते म्हणून. नाडी निरुपद्रवी आहे म्हणून नव्हे.

आता त्या ‘आपोआप’कडे येऊ, कारण निरोपाचं सगळं वजन त्या शब्दावर आहे. ऑटोरेग्युलेशन, म्हणजे स्वयंनियमन, ही खरी गोष्ट आहे आणि सुंदरही आहे. पण तिचा अर्थ नेमका एवढाच: स्नायूची मागणी तीच असताना दाब वर-खाली झाला, तरी प्रवाह जवळपास तोच राहतो. दाब उतरला की बारीक धमनिका सैल होतात, दाब चढला की आवळतात. पाठ्यपुस्तकांत यासाठी साधारण 60 ते 140 मिमी असा सरासरी दाबाचा पट्टा दिलेला असतो. मागणी वाढल्यावर प्रवाह वाढणं ही वेगळी यंत्रणा आहे; तिच्यात ॲडेनोसिन, नायट्रिक ऑक्साइड, पोटॅशियमच्या वाहिका असे बरेच जण हातभार लावतात. पण दोन्ही यंत्रणांचा नळ एकच: त्याच धमनिका. एकीनं तो पूर्ण उघडून ठेवला तर दुसरीला उघडायला काही उरत नाही.

पुढाऱ्यांसारखं मोघम बोलण्यापेक्षा एक माणूस समोर ठेवू. समजा, डाव्या बाजूच्या मुख्य फांदीत त्याला बरीच चिंचोळी जागा झाली आहे. महाधमनीत सरासरी दाब 90 आहे. विश्रांतीत त्या अडथळ्यावर 20 मिमी खर्च होतात आणि पलीकडे 70 पोचतात. पलीकडच्या धमनिका थोड्या सैल होऊन प्रवाह पुरेसा ठेवतात. त्याला काहीच जाणवत नाही, विश्रांतीतला ईसीजीही साफ असतो. म्हणूनच विश्रांतीत सगळं ठीक असण्याचा राखीव क्षमतेशी संबंध नसतो. लान्स गूल्ड यांनी 1974 मध्ये कुत्र्यांवर दाखवलं होतं की व्यास निम्म्यानं घटेपर्यंत कमाल प्रवाहालाही फारशी बाधा येत नाही, आणि विश्रांतीतला प्रवाह तर व्यास 85 टक्क्यांच्या आसपास घटेपर्यंत टिकतो.

याच माणसाचं एक ऑपरेशन झालंय, तो दुखण्यानं तळमळतोय, नाडी 72 वरून 118 वर गेली आहे. प्रवाहाची मागणी दुपटीकडे निघाली. अडथळ्यावरचा खर्च मात्र सरळ प्रमाणात वाढत नाही. चिंचोळीतून बाहेर पडताना रक्तात भोवरे होतात आणि त्यांचा खर्च वेगाच्या वर्गानुसार वाढतो. दुप्पट प्रवाहासाठी 20 चे 40 नव्हे, 50-55 होतात. पलीकडे 35 ते 40 उरतात. म्हणजे नेमकी जास्त रक्ताची गरज असताना वाटेतला दाब सांडतो.

आणि इथेच स्वयंनियमनाची खालची कडा स्वतःच सरकते. जाग्या कुत्र्यांवरच्या प्रयोगांत आतल्या थराचं स्वयंनियमन नेहमीच्या नाडीला 40 मिमीच्या आसपास तुटत होतं. नाडी 200 केल्यावर ते 60 लाच तुटू लागलं. कुत्र्याचे आकडे माणसाला जसेच्या तसे लावू नयेत, पण दिशा तीच आहे आणि कारणही तेच: उसंत कमी, भूक जास्त. म्हणजे ज्या यंत्रणेच्या भरवशावर नाडीकडे दुर्लक्ष करायला सांगितलंय, तिचीच पोच नाडीनं आखूड केलेली असते.

मॉनिटरवर हे कसं दिसतं? बहुधा छातीवरच्या पाचव्या लीडमध्ये, व्ही-5 मध्ये, ईसीजीच्या रेषेतला एसटी नावाचा भाग खाली जातो. एसटी वर न जाता खाली जाणं हे बहुतेक वेळा आतल्या थराच्या उपासमारीचं लक्षण असतं. माणसाला दुखेलच असं नाही. ऑपरेशननंतर वेदनाशामकांच्या गुंगीत तर बऱ्याचदा कळतही नाही. दुखणं नीट आटोक्यात आणून, रक्तस्राव नाही ना हे पाहून, मग गरज पडली तर एस्मोलॉलसारखं अल्पजीवी औषध देऊन नाडी 70-75 वर आणली की बऱ्याचदा काही मिनिटांत एसटी जागेवर येतो. अडथळा तसाच असतो. उसंत तेवढी परत मिळालेली असते.

बीपी नॉर्मल असण्याचा दिलासा मला निरोपातला सगळ्यात फसवा भाग वाटतो. कामाचा ढोबळ अंदाज घ्यायला नाडी गुणिले वरचा बीपी असा गुणाकार वापरतात. ठरावीक रुग्णाला श्रमानं होणारी छातीतली कळ साधारण ठरावीक गुणाकारालाच सुरू होते, हे रॉबिन्सन यांनी 1967 मध्ये दाखवलं होतं. वरच्या माणसाचा गुणाकार आधी 72 गुणिले 130, म्हणजे 9,360 होता. आता 118 गुणिले 130, म्हणजे 15,340. बीपी एक मिमीही हललेला नाही.

या गुणाकारालाही मर्यादा आहे बरं का. नाडी 70 आणि बीपी 155 असलेल्याचा गुणाकार 10,850. नाडी 120 आणि बीपी 90 असलेल्याचा 10,800. कागदावर दोघं सारखेच. प्रत्यक्षात पहिल्याकडे रेटणारा दाब आहे आणि लांब उसंत आहे, दुसऱ्याकडे दोन्ही नाहीत. बीपी चढला तर मागणी वाढते, पण रक्त रेटणारा दाबही वाढतो; एका पारड्यात काढलं तर दुसऱ्यात थोडं पडतं. जोर वाढला तर मागणी वाढते, पण उसंत निदान तितकी खात नाही. नाडी मात्र मागणीच्या पारड्यात भर घालते आणि पुरवठ्याच्या पारड्यातून काढून घेते. म्हणून पुरवठा-मागणीच्या हिशेबात तिचं स्थान बाकीच्यांसारखं नाही.

राहिल्या गोळ्या. बीटा ब्लॉकर नाडी आणि जोर दोन्ही उतरवतात, त्यामुळे कोरोनरी प्रवाह मिनिटाला कमी होतो हे खरं. कमी होतो कारण मागणी घटली. आतल्या थराच्या वाट्याला आलेला हिस्सा उलट सुधारतो. आयव्हाब्रॅडिन तर फक्त नाडीच उतरवतं, जोराला हात लावत नाही, तरी श्रमानं होणारी कळ कमी होते.

पण कमी नाडी म्हणजे नेहमीच बरं, असाही उलटा निरोप कोणी पाठवू नये. 19,000 हून जास्त रुग्णांच्या सिग्निफाय चाचणीत, 2014 साली, हार्ट फेल्युअर नसलेल्या स्थिर कोरोनरी रुग्णांत आयव्हाब्रॅडिननं मृत्यू किंवा हार्ट ॲटॅक कमी झाले नाहीत. महाधमनीची झडप गळत असेल तर लांबलेल्या उसंतीत रक्त मागे जास्त गळतं. वाहिनी आकसून कळ येत असेल तर काही बीटा ब्लॉकर ती वाढवू शकतात. आणि रक्तस्राव, जंतुसंसर्ग, तीव्र ॲनिमिया यांत नाडी शरीराला तगवण्यासाठी वाढलेली असते. तिथे कारण सोडून आकडा दाबणं धोक्याचं.

निरोप वाचून गोळी एका दिवसात बंद करण्याचा धोका तर वेगळाच आहे. बीटा ब्लॉकर बरेच दिवस घेतल्यावर हृदयावरची ॲड्रेनॅलिन पकडणारी ठिकाणं वाढलेली असतात. वरचं झाकण अचानक काढलं की नाडी आधीपेक्षाही वर उसळते, आणि कळ किंवा हार्ट ॲटॅक येतो तो बहुधा त्यानंतरच्या काही दिवसांत. म्हणून थांबवायचीच असली तर डॉक्टर ती एक-दोन आठवड्यांत थोडी थोडी उतरवतात.