पदनाम आणि कंपनीचा आकार: ऑडिट आलं की फोन कोणाला जातो?

पुण्यात ‘क्यूए मॅनेजर’ असं नुसतं शोधलं, तर कोण सापडतं ठाऊक आहे? हिंजवडीतले सॉफ्टवेअर टेस्टर. आम्हाला हे पैसे खर्च करून कळलं.

आमची कंपनी ऑटो पार्ट बनवणाऱ्या कारखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनवते. कारखान्यातल्या प्रत्येक गेजची, व्हर्नियरची, मायक्रोमीटरची नोंद, कॅलिब्रेशनची तारीख, एमएसएचे अभ्यास, ऑडिटची कागदपत्रं हे सगळं एका जागी. पहिल्या फोनपासून पीओ हातात पडेपर्यंत आम्हाला सरासरी दहा महिने लागतात. मी तिथे मार्केटिंग बघते. लिंक्डइनवरच्या आमच्या पहिल्या मोहिमेत मी पदनाम निवडलं ‘क्यूए मॅनेजर’ आणि ‘क्वालिटी लीड’, कंपनीचा आकार २०१ ते ५००, ठिकाण पुणे. चाळीस जणांनी फॉर्म भरले आणि ऑफिसात सगळे खूश झाले. फोन करायला बसलो तेव्हा त्यातले सव्वीस जण आयटी कंपन्यांमधले टेस्टिंगवाले निघाले. त्यांनी आयुष्यात प्लग गेज हातात धरलेला नव्हता, आणि त्यात त्यांची काहीच चूक नव्हती. जाहिरातीच्या अहवालात क्लिक करणाऱ्यांचे उद्योग आणि पदनामं दिसतात, तो भाग मी पहिल्या आठवड्यातच उघडला असता तर हे तेव्हाच दिसलं असतं.

दुसऱ्या वेळी आम्ही उलट टोकाला गेलो. ‘सही करतो त्याच्याकडेच जाऊ’ म्हणून डायरेक्टर, एमडी आणि आयटी हेड धरले. पण आपल्याकडे घरच्या कंपनीत वडील, काका, दोन्ही मुलं आणि सून असे सगळे डायरेक्टर असतात. त्यातला एक कास्टिंगच्या ऑर्डरी बघतो, एक बँका बघतो आणि क्वालिटीत कोणीच लक्ष घालत नाही. तरी लीड स्वस्त पडत होत्या, म्हणून आम्ही तेच वर्षभर चालवलं.

मग आमचे सेल्सचे एक ज्येष्ठ सर, बावीस वर्षं चाकण-भोसरीत फिरलेले, मला म्हणाले, “अगं, कार्डावर काय छापलंय ते सोड. ऑडिटर गेटवर आला की पहिला फोन कोणाला जातो, ते विचार.”

त्या वाक्यावर मी दोन दिवस बसले. निकाल लागलेले जुने एकतीस व्यवहार बाहेर काढले. बारा जिंकलेले, एकोणीस हरलेले. प्रत्येकात पहिल्यांदा आमच्याशी कोण बोललं, डेमोला कोण बसलं, अडवलं कोणी आणि सही कोणी केली, हे सरांच्या डायऱ्यांमधून आणि व्हिजिटिंग कार्डांच्या गठ्ठ्यातून लिहून काढलं. पदनाम कार्डावर होतं तसंच लिहिलं, स्वतः नीटनेटकं केलं नाही.

पहिलं बोलणं क्वालिटीतल्या मधल्या माणसाशी, म्हणजे डेप्युटी मॅनेजर, असिस्टंट मॅनेजर, सीनियर इंजिनियर यांच्याशी झालं असे तेरा व्यवहार होते. त्यातले आठ जिंकलो. डायरेक्टर किंवा आयटी हेडपासून सुरू झालेले बारा होते. त्यातला एक जिंकलो. उरलेले सहा प्लँट हेडकडून किंवा कोणाच्या ओळखीतून आलेले, त्यात निम्मे जिंकले. एकतीस हा काही मोठा आकडा नाही, पण आठ आणि एक यातला फरक दुर्लक्ष करण्यासारखा नाही.

असं का होतं, ते हरलेल्या व्यवहारांच्या नोंदी वाचताना उलगडलं. डायरेक्टर डेमो बघतात, त्यांना आवडतो, ते क्वालिटीच्या साहेबांना बोलावून सांगतात, “हे बघून घ्या.” आता त्या साहेबांच्या दृष्टीने हे वरून लादलेलं, त्यांच्या कामावर लक्ष ठेवणारं काहीतरी असतं. ते नाही म्हणत नाहीत. ते म्हणतात, “ऑडिट होऊन जाऊ दे, मग बघू.” ऑडिट होतं, मग गणपती येतात, मग दिवाळी, मग वर्षअखेर. याउलट ज्या डेप्युटी मॅनेजरला मुदत उलटलेला गेज लाइनवर सापडला म्हणून एनसी मिळालेली असते, रात्री आठपर्यंत बसून ज्याने एक्सेलमधल्या तारखा जुळवलेल्या असतात, तो स्वतः प्लँट हेडकडे आमची बाजू मांडतो. त्याला सहीचा अधिकार नाही. पण दहा महिने तो विषय जिवंत ठेवणारा तोच असतो.

आता आकाराबद्दल. इथे मला सर्वांत जास्त बोलायचंय, कारण ‘२०१ ते ५०० कर्मचारी’ हा रकाना सगळेजण डोळे झाकून भरतात.

चाकणचा आमचा एक ग्राहक घ्या. मशिनिंगचं काम, तीन पाळ्या. कायम पटावर एकशे चाळीस माणसं, शिवाय कंत्राटी कामगार आणि ट्रेनी मिळून अडीचशेच्या वर. लिंक्डइनवर त्यांच्या पानावर आकार लिहिलाय ११ ते ५०. पान कधीतरी कोणी बनवलं, तेव्हा जे टाकलं ते टाकलं. शॉपफ्लोअरवरची माणसं तिथे नाहीतच. माझ्या चाळणीतून आमचा हा चांगला ग्राहक पहिल्याच फटक्यात गळला असता. आणि त्याच चाळणीतून तीनशे माणसांची एक डिझाइन सेवा देणारी कंपनी आत आली, जिच्या इमारतीत मोजपट्टीपलीकडे मोजायचं साधन नसेल.

सरकारसुद्धा उद्योगाचा आकार माणसं मोजून ठरवत नाही. १ एप्रिल २०२५पासून मध्यम उद्योगाची मर्यादा यंत्रसामग्रीतली गुंतवणूक १२५ कोटी आणि उलाढाल ५०० कोटी अशी आहे. पण आमच्यासाठी उलाढालही फारशी कामाची नाही. महागडा कच्चा माल वापरणाऱ्याची उलाढाल नुसत्या मालाच्या किमतीनेच फुगते.

आमच्या जिंकलेल्या बारांमध्ये खरी सारखी गोष्ट होती गेजची संख्या. दीडशेपर्यंत गेज असतील तर एक माणूस रजिस्टरवर सगळं सांभाळतो, आणि त्याला विकायला जाणं म्हणजे त्याचा आणि आपला वेळ घालवणं. चारशेच्या पुढे एक्सेल कोलमडायला लागतं. दुसरी गोष्ट प्लँटची संख्या. एकच प्लँट असेल तर मालक रोज चक्कर मारतो, त्याला सगळं दिसतं. दोन ते चार प्लँट झाले की दिसेनासं होतं, आणि तिथे आमची गरज तयार होते. पाचाच्या वर गेलं की निर्णय हेड ऑफिसला जातो. व्हेंडर नोंदणी, माहिती सुरक्षेच्या प्रश्नावल्या, ‘ईआरपीमध्येच हे होत नाही का’ हा प्रश्न. असे व्यवहार आमच्याकडे दीड वर्ष चालले आणि बहुतेक हरले. माझ्या दृष्टीने ‘योग्य आकार’ म्हणजे जिथे त्रास मोठा झालाय, पण सही करणारा अजून त्याच आवारात बसतो.

गेजची संख्या बाहेरून कशी कळणार? अगदी आकडा कळत नाही, अंदाज येतो. कंपनीच्या वेबसाइटवर मशिनांची यादी असते. आयएटीएफ १६९४९चं प्रमाणपत्र जागेनुसार मिळतं, त्यामुळे किती ठिकाणी उत्पादन चालतं ते दिसतं. नोकरीच्या जाहिरातीत ‘स्टँडर्ड रूम इंजिनियर, एमएसए, एसपीसी येणं आवश्यक’ असं असेल, तर तिथे वेगळी स्टँडर्ड रूम आहे आणि ती सांभाळायला माणूस कमी पडतोय. कॅलिब्रेशन लॅबवाल्यांना तर कोणाकडे किती गेज आहेत हे नेमकं माहीत असतं. ती ग्राहकाची माहिती आहे, म्हणून आम्ही कधी मागत नाही. पण “तुम्हाला योग्य वाटेल तिथे ओळख करून द्या” एवढं जरूर सांगतो.

असं करत सहा आठवड्यांत हाताने दोनशे वीस कंपन्यांची यादी केली. चाकण, भोसरी, रांजणगाव, सातारा, वाळूज, अंबड, शिरोली, गोकुळ शिरगाव. ही यादी लिंक्डइनला चढवली आणि आकाराचा रकाना पूर्ण मोकळा सोडला. पदनामंही काढून टाकली, कारण एकाच कामाला कोणी ‘क्यूए इंचार्ज’ लिहितं, कोणी ‘एमआर’, कोणी ‘क्यूएमएस हेड’. त्याऐवजी कामाचा विभाग क्वालिटी आणि अनुभवाची पातळी सीनियर ते मॅनेजर एवढंच धरलं. कंपन्यांची यादी आधीच ठरलेली असल्याने टेस्टिंगवाले आपोआप बाहेर राहिले.

याला मर्यादा आहेत. किमान तीनशे माणसं जुळल्याशिवाय लिंक्डइन मोहीम चालू होऊ देत नाही, आणि नुसत्या शिरोली-गोकुळ शिरगावच्या फाउंड्री घेतल्या तर तेवढी माणसं भरेनात. तिथे अजूनही सरांची मोटारसायकल आणि लॅबवाल्यांची ओळख हाच रस्ता आहे.

प्लँट हेड आणि डायरेक्टर यांना सोडलेलं नाही, फक्त त्यांची वेळ बदलली. डेमो होऊन प्लँटवर एक भेट झाली की मग प्लँट हेडसाठी ग्राहकाच्या तक्रारी आणि डेबिट नोट यावर लिहिलेला मजकूर जातो. डायरेक्टरसाठी खर्चाचा एक कागद, तोही त्यांच्या बजेटची चर्चा सुरू होते तेव्हा, साधारण जानेवारी-फेब्रुवारीत. आयटीवाल्यांना मात्र सर्व्हर आणि बॅकअपची उत्तरं डेमोच्या आधीच द्यायची. त्यांच्या होकाराने पीओ निघत नाही, पण त्यांच्या नकाराने तीन वेळा अडकलाय.

आणि एका कंपनीत एकाच माणसावर कधी विसंबायचं नाही. बारापैकी तीन व्यवहारांत पहिला माणूस मध्येच नोकरी सोडून गेला. त्याच्या खालचा इंजिनियर आम्हाला ओळखत होता म्हणून दोन वाचले. तिसऱ्यात आम्हाला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली.

नव्या यादीवर एक लीड आम्हाला आधीच्या जवळजवळ तिप्पट महाग पडते. पहिल्या महिन्याच्या मीटिंगमध्ये यावरून मला बरंच ऐकावं लागलं. मी विनंती केली की नव्वद दिवसांनी फक्त एवढं मोजा, की किती कंपन्यांनी आम्हाला प्लँटवर बोलावलं. डायरेक्टरांच्या मोहिमेतल्या साठ लीडमधून चार भेटी झाल्या होत्या. या वेळी एकोणीस लीडमधून नऊ झाल्या. पीओ किती येतील ते आज सांगता येणार नाही, दहा महिने अजून व्हायचेत. पण नऊपैकी सात ठिकाणी स्टँडर्ड रूम दाखवायला स्वतः डेप्युटी मॅनेजर आले, आणि दोन ठिकाणी त्यांनी एनसीचा कागद आपणहून पुढे ठेवला.

वाळूज आणि नाशिकच्या मंडळींना एक विचारायचंय. तुमच्या प्लँटमध्ये कॅलिब्रेशनचं वेळापत्रक प्रत्यक्ष कोण सांभाळतं, आणि त्याच्या कार्डावर नेमकं काय छापलेलं असतं? पुण्याकडची पदनामं मला आता पाठ झालीत, तुमच्याकडची अजून कच्ची आहेत.