बेरजा जुळल्या, चाचणी नाही जुळली

> «संविधान तक्ता हे बी.एड.च्या फायलीपुरतं काम आहे. चाचणी समतोल करायला एवढं पुरतं : धड्याची पानं बघून गुण वाटा. 'सांगा' म्हणजे ज्ञान, 'स्पष्ट करा' म्हणजे आकलन, गणित म्हणजे उपयोजन. शेवटी दोन अवघड प्रश्न घाला, की हुशार मुलं वेगळी निघतात. विकल्प भरपूर द्या, म्हणजे कुणावर अन्याय नाही. तक्ता नंतर भरा. उभ्या-आडव्या बेरजा जुळल्या की झालं.»
> — शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटांत फिरणारा संदेश

पंधरा दिवसांत हा संदेश माझ्याकडे तीन गटांतून आला. एकीने तर खाली हात जोडल्याची चित्रंही टाकली होती. मी पुण्यात नववी-दहावीला विज्ञान शिकवते, आणि वरचं सगळं मी स्वतः बरीच वर्षं केलेलं आहे. संविधान तक्ता म्हणजे चाचणीतले गुण कोणत्या उपघटकाला आणि कोणत्या उद्दिष्टाला किती, हे मांडणारा तक्ता. तो कसा फसवतो हे दाखवायला माझीच एक जुनी चाचणी पुढे ठेवते.

उत्तराची सुरुवात संदेशाच्या शेवटच्या वाक्यापासून करते, कारण खरी गोम तिथे आहे.

नववीचा 'धाराविद्युत' हा धडा, २५ गुणांची घटक चाचणी. प्रश्न मी स्वाध्यायातून उचलले आणि तक्ता नंतर भरला. तो असा दिसत होता :

| उपघटक | ज्ञान | आकलन | उपयोजन | कौशल्य | एकूण |
|---|---|---|---|---|---|
| विभवांतर, विद्युतधारा | २ | ३ | – | – | ५ |
| ओहमचा नियम, रोध | – | – | ७ | – | ७ |
| एकसर, समांतर जोडणी | १ | ४ | – | ३ | ८ |
| घरगुती जोडणी, सुरक्षा | २ | ३ | – | – | ५ |
| एकूण | ५ | १० | ७ | ३ | २५ |

उजवीकडची बेरीज बघा, खालची बघा. उपघटकांना हवे तेवढे गुण आहेत, उद्दिष्टांनाही आहेत. पर्यवेक्षकांनी सही केली, त्यात त्यांची काही चूक नव्हती.

आता बेरजा झाका आणि मधले कप्पे बघा. उपयोजनाचे सातही गुण ओहमच्या नियमावर आहेत. सूत्रात आकडे घालण्याची दोन गणितं, एक ३ गुणांचं, एक ४ गुणांचं. जोडणी आणि घरातली वीज, म्हणजे मुलाच्या रोजच्या आयुष्यात खरोखर येणारा भाग, तिथे उपयोजनाचा एकही गुण नाही. उलट ओहमचा नियम समजलाय का, हे कुठेच विचारलेलं नाही. 'भौतिक अवस्था कायम असताना' ही अट विसरलेला मुलगाही सातपैकी सात घेऊन जातो. तपासताना मला याची शंकाही आली नाही. नंतर वर्गात विचारलं, की घरात दिवे समांतर का जोडतात? पुस्तकातलं वाक्य सगळ्यांनी एका सुरात म्हटलं. मग विचारलं, एकसर जोडले तर मिक्सर लावल्यावर दिव्याचं काय होईल? वर्ग गप्प.

बेरजा हा तक्त्याचा कडेचा भाग, आणि त्याच बेरजा आतल्या किती तरी वेगवेगळ्या मांडण्यांतून येतात. चाचणीत खरं काय विचारलंय ते कप्प्यांत असतं. म्हणून कप्पे आधी ठरवायचे आणि मग त्यांत बसणारे प्रश्न शोधायचे. आधी प्रश्न आणि मग तक्ता असं केलं, की मन आपोआप लेबलं हलवून बेरीज जुळवून आणतं. हा मोह मला चांगलाच ठाऊक आहे.

आता भारांश. पानं मोजणं सोपं, पण पानात चित्रं असतात, चौकटी असतात, 'इंटरनेट माझा मित्र' असतो. मी तासिका मोजते, कारण मुलांनी जेवढा वेळ एखाद्या गोष्टीशी झटापट केली, त्या प्रमाणात गुण असावेत हे त्यांनाही पटतं. या धड्याला १० तासिका लागल्या : विभवांतर व धारा २, ओहमचा नियम व रोध ३ (त्यात एक प्रयोग), जोडण्या ३, घरगुती जोडणी २. २५ गुण वाटले तर ५, साडेसात, साडेसात, ५ येतात. अर्धा गुण कुणाला द्यायचा हा निर्णय शिक्षकाचा. मी ओहमला ७ आणि जोडण्यांना ८ दिले, कारण पुढचा घरगुती जोडणीचा भाग जोडण्या कळल्याशिवाय उलगडतच नाही. उद्दिष्टांना मी ज्ञान २०, आकलन ४०, उपयोजन ३०, कौशल्य १० टक्के असा भार धरते आणि तो ५, १०, ७, ३ असा पूर्णांकात आणते. हे प्रमाण काही दगडावरची रेघ नाही. पाठांतराचा भाग जास्त असलेल्या धड्याला ते बदलावं लागतं.

यातून नवीन तक्ता असा झाला. कडा त्याच, आतला भाग वेगळा :

| उपघटक | ज्ञान | आकलन | उपयोजन | कौशल्य | एकूण |
|---|---|---|---|---|---|
| विभवांतर, विद्युतधारा | १ | ४ | – | – | ५ |
| ओहमचा नियम, रोध | १ | ३ | ३ | – | ७ |
| एकसर, समांतर जोडणी | १ | २ | २ | ३ | ८ |
| घरगुती जोडणी, सुरक्षा | २ | १ | २ | – | ५ |
| एकूण | ५ | १० | ७ | ३ | २५ |

क्रियापदांवरून पातळी ठरवणं ही या संदेशातली सर्वांत पसरलेली आणि सर्वांत फसवी गोष्ट. 'एकसर जोडणीत एक दिवा गेला की बाकीचे का विझतात? स्पष्ट करा.' यात 'का' आहे, 'स्पष्ट करा' आहे. पण हाच प्रश्न वर्गात सोडवून वहीत उत्तर उतरवून दिलं असेल, तर मुलगा स्पष्ट करत नाही, आठवतो. तो गुण ज्ञानाच्या कप्प्यात जातो. शिक्षणतज्ज्ञ ब्लूम आणि सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये ज्ञान, आकलन, उपयोजन अशा पातळ्यांचं वर्गीकरण मांडलं, तेव्हाच सांगितलं होतं की प्रश्न कुठल्या पातळीचा हे ठरवताना विद्यार्थ्याने आधी काय शिकलंय ते माहीत असावं लागतं. आपण क्रियापदांची यादी तेवढी उचलली आणि ही अट मागे ठेवली.

गणिताचंही तेच. वर्गात दहा गणितं करून घेतली आणि अकरावं फक्त आकडे बदलून दिलं, तर त्याला उपयोजन म्हणायला माझं मन आता धजत नाही. म्हणजे माझ्या जुन्या तक्त्यातले ते सात गुणही खरे उपयोजनाचे नव्हतेच. बेरीज जुळली होती ती लेबलांची.

मग कप्प्याला साजेसा प्रश्न कसा काढायचा? ओहम–उपयोजनाच्या ३ गुणांसाठी मी हा प्रश्न घातला : एका तारेला २, ४, ६, ८ व्होल्ट विभवांतर दिलं, धारा अनुक्रमे ०.१, ०.२, ०.३, ०.३५ अँपिअर आली. कोणत्या नोंदीत ओहमचा नियम पाळलेला दिसत नाही, आणि त्याचं संभाव्य कारण काय? पहिल्या तिन्ही नोंदींत भागाकार २० ओहम येतो, चौथीत साधारण २२.९. तार तापली, रोध वाढला. गुणदान असं : भागाकार करून बघण्याला १, वेगळी नोंद ओळखण्याला १, कारणाला १. सूत्र तेच जुनं, पण ते वापरायचं आहे हे मुलालाच सुचावं लागतं.

जोडण्या–उपयोजनाच्या २ गुणांसाठी : तपकीर गल्लीतून आणलेल्या आराशीच्या माळेत सारखे सहा दिवे आहेत. कोणताही एक दिवा काढला की त्याच्यासह तीन विझतात, उरलेले तीन लागलेलेच राहतात. ही जोडणी कशी केली असेल? तीन-तीन दिवे एकसर आणि ते दोन गट एकमेकांना समांतर. घरगुती जोडणीसाठी : ६ अँपिअर सोसणाऱ्या एक्स्टेंशन बोर्डवर ४ अँपिअर घेणारी इस्त्री आणि ३ अँपिअर घेणारा मिक्सर एकदम चालवला तर? समांतर जोडणीत धारांची बेरीज होते हे लक्षात येण्याला १, सातमुळे तार तापेल किंवा फ्यूज जाईल याला १.

याच प्रश्नावरून 'अवघड' या शब्दाचंही बघू. इस्त्री-मिक्सरचा प्रश्न उपयोजनाचा आहे, पण सोपा आहे. चार अधिक तीन कुणालाही येतं. उलट 'तांब्याची रोधकता किती?' हा निव्वळ ज्ञानाचा प्रश्न, आणि वर्गातल्या एखाद्यालाच येईल असा. काठिण्य आणि विचाराची पातळी या दोन वेगळ्या मोजपट्ट्या आहेत. काठिण्य उत्तरपत्रिका तपासल्यावर कळतं : ४० पैकी १० जणांना आलं तर ०.२५. पातळी प्रश्न काढतानाच ठरवावी लागते. शेवटी घातलेले 'दोन अवघड' प्रश्न बहुधा असेच कोपऱ्यातले आकडे असतात, आणि त्यांतून हुशारी नव्हे, पाठांतर वेगळं निघतं.

विकल्पांबद्दल थोडक्यात : 'पाचांपैकी कोणतेही तीन' यातले पाच प्रश्न पाच कप्प्यांतले असतील, तर प्रत्येक मुलगा आपली वेगळी चाचणी लिहितो आणि तक्त्याला अर्थ उरत नाही. द्यायचाच तर 'किंवा' देऊन त्याच कप्प्यातला, तेवढ्याच गुणांचा जोडीदार प्रश्न द्या. २५ गुणांच्या चाचणीत मी तोही देत नाही.

तक्त्याच्या मर्यादाही आहेत. कौशल्याचे ३ गुण, म्हणजे समांतर जोडणीची आकृती, त्यात अमीटर एकसर आणि व्होल्टमीटर समांतर. लेखी चाचणीत याहून जास्त कौशल्य मावत नाही, परिपथ प्रत्यक्ष जोडता येतो का हे प्रयोगशाळेतच कळतं. एका गुणाच्या कप्प्यावरून त्या मुलाबद्दल काहीच ठरवता येत नाही. आणि प्रश्न कोणत्या पातळीचा हे शेवटी मतच असतं, म्हणून माझे प्रश्न मी लेबलं न लावता शेजारच्या तुकडीच्या सरांना देते. ते त्यांची लेबलं लावतात, मग दोघांची ताडून बघतो. गेल्या वेळी आमचं दोन प्रश्नांवर जमलं नाही. एकाचं उत्तर त्यांनी त्यांच्या वर्गात लिहून दिलेलं निघालं! त्यांच्या तुकडीपुरतं ते ज्ञान होतं, माझ्या तुकडीपुरतं आकलन. प्रश्न बदलला.

विभवांतर–उपयोजनाचा कप्पा मी जाणूनबुजून रिकामा ठेवलाय. तक्त्याखाली पेन्सिलीने लिहून ठेवलंय : सत्र परीक्षेत ३ गुण, इथून.